१५ टक्क्यांमागचं गणित: सस्टेनेबिलिटी रिपोर्टवरून आयआर टीमसाठी नोट करतानाचा माझा अनुभव

आमची कंपनी फोर्जिंगची, म्हणजे लोखंड तापवून, ठोकून भाग घडवण्याची. मुख्य प्लांट नाशिकच्या सातपूरला, दुसरा अंबडला, आणि मशीनिंग सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत. मी सातपूरच्या फायनान्समध्ये आहे. कंपनी लिस्टेड आहे, पण आयआर, म्हणजे गुंतवणूकदारांशी बोलणारी टीम, मुंबईत बसते. २०२४-२५ चा वार्षिक अहवाल एक्स्चेंजवर चढला आणि लगेच त्यांचा निरोप आला की ईएसजीची, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीच्या कारभाराची, सगळी टार्गेट्स, आकडे आणि मागच्या वर्षापेक्षा काय हललं ते एका पानात पाहिजे. फंडवाले आता याबद्दल नेमकं विचारतात आणि एवढा मोठा अहवाल चाळायला आपल्याकडे वेळ नाही, असं त्यांचं म्हणणं. काम फायनान्सकडे आलं ते एवढ्याचसाठी की टर्नओव्हर आमच्याकडे असतो.

पुढे दिलेले आकडे कंपनी ओळखू येऊ नये म्हणून बदलून गोल केले आहेत. त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण मात्र तसंच ठेवलंय, कारण सगळा खेळ त्या प्रमाणाचाच आहे.

सुरुवात मी टार्गेट्स गोळा करण्यापासून केली. ती तीन ठिकाणी विखुरलेली होती. एमडींच्या पत्रात ‘कार्बन न्यूट्रल होण्याच्या दिशेने’ असं वाक्य. ईएसजीच्या प्रकरणात रंगीत ग्राफ. आणि मागे बीआरएसआर, म्हणजे सेबीने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा केलेला याच माहितीचा तक्ता. मी एक साधी शीट केली. टार्गेट कशाचं, बेस वर्ष कोणतं, कधीपर्यंत, कोणते प्लांट धरलेत आणि पान नंबर काय, असे रकाने. ज्याचे हे रकाने भरता येत नाहीत ते टार्गेट नाही, इच्छा आहे. एमडींच्या पत्रातलं वाक्य तिथेच गळालं, कारण त्याला ना बेस वर्ष होतं ना मुदत. ते नोटमधून काढलं तेव्हा कुरकुर झाली. पण गुंतवणूकदाराने ‘कधीपर्यंत?’ म्हणून विचारलं तर आयआरच्या माणसाला गप्पच बसावं लागलं असतं.

उरली तीन टार्गेट्स: उत्सर्जनाचं, पाण्याचं आणि अपघातांचं. अपघातांचं लगेच सांगून टाकते. एलटीआयएफआर, म्हणजे दहा लाख कामाच्या तासांमागे किती दुखापतींमुळे माणसाचा कामाचा वेळ बुडाला, तो आकडा ०.५० वरून ०.२५ वर आला होता आणि ग्राफवर ‘५० टक्के सुधारणा’ असं छापलं होतं. आमचे वर्षाचे तास साधारण चाळीस लाख. म्हणजे दोन दुखापतींची एक झाली. एक दुखापत कमी झाली याचा आनंदच आहे, पण टक्केवारीत सांगण्यासारखी ती गोष्ट नाही. पुढच्या वर्षी पुन्हा दोन झाल्या तर ‘१०० टक्के वाढ’ सांगावी लागेल. नोटमध्ये मी दोन आणि एक हे आकडेच लिहिले आणि पुढे गेले.

खरा वेळ गेला तो उत्सर्जनाच्या ओळीवर. टार्गेट असं होतं: स्कोप १ आणि स्कोप २ मिळून उत्सर्जनाची इंटेन्सिटी, म्हणजे विक्रीच्या एका रुपयामागचं उत्सर्जन, २०२१-२२ च्या तुलनेत २०२९-३० पर्यंत ३० टक्के कमी करायची. स्कोप १ म्हणजे आपल्याच भट्ट्यांत जळणारं फर्नेस ऑइल, गॅस, डिझेल. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जन. ईएसजीच्या पानावर ठळक अक्षरांत होतं: ‘१५ टक्के घट साध्य’.

बीआरएसआरमध्ये ही इंटेन्सिटी प्रति रुपया टर्नओव्हर द्यायची असते. त्यामुळे आकडा दिसतो ०.०००००५१० असा. शून्यं मोजतानाच माणूस दमतो. मी सगळं एक कोटीने गुणून घेतलं, म्हणजे ‘कोटी रुपये विक्रीमागे ५१ टन’ असं वाचता येतं. शेजारीच पीपीपी, म्हणजे देशादेशांतल्या किमतींचा फरक, लावून केलेली आणखी एक ओळ असते. ती परदेशी कंपन्यांशी तुलनेसाठी आहे आणि तिचा गुणक वर्षागणिक बदलतो. ती चुकून या ओळीत मिसळली की वर्षावर्षाची तुलना गेली, म्हणून ती मी नोटमध्ये आणलीच नाही.

मग मागच्या वर्षीचा अहवाल उघडून शेजारी ठेवला. असं काम करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन: या वर्षीच्या अहवालात छापलेला मागच्या वर्षीचा आकडा आणि मागच्या वर्षीच्या अहवालातला आकडा, दोन्ही बघा. आमचे जुळत नव्हते. मागच्या अहवालात २०२३-२४ चं उत्सर्जन ६०,००० टन होतं, आणि यंदाच्या अहवालात त्याच वर्षाच्या रकान्यात ६२,४००.

खाली बारीक अक्षरात तळटीप होती. आम्ही अजून बाहेरच्या तपासणीच्या सक्तीच्या टप्प्यात नसलो तरी कंपनीने बीआरएसआर कोरचे, म्हणजे त्या तक्त्यातल्या निवडक मुख्य बाबींचे, आकडे यंदा बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेतले. तपासणीत निघालं की अंबडच्या एका शेडमधल्या भट्टीचा बल्क एलपीजी कधी मोजलाच गेला नव्हता, कारण त्याची खरेदी इंधनात न दाखवता स्टोअर्सच्या किरकोळ मालात पडत होती. वर्षाला साधारण ८०० टन गॅस. एक टन एलपीजी जळला की जवळजवळ तीन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे २,४०० टन. फरक तंतोतंत बसला. तळटीपेचं शेवटचं वाक्य होतं, ‘बेस वर्षाची पुनर्गणना सुरू आहे.’

म्हणजे मागचं वर्ष दुरुस्त झालं, यंदाचं वर्ष बरोबर आहे, पण २०२१-२२ चा बेस जुनाच राहिलाय. ठळक १५ टक्के त्या जुन्या बेसवर काढलेत. बेस होता ५४,००० टन आणि ९०० कोटी विक्री, म्हणजे कोटीमागे ६० टन. यंदा ६१,२०० टन आणि १,२०० कोटी, म्हणजे ५१. साठावरून एक्कावन्न, पंधरा टक्के. ती भट्टी २०२१-२२ मध्येही चालू होतीच. अंदाजे ७०० टन गॅस धरला तर बेस ५६,१०० टनांवर जातो, कोटीमागे ६२.३, आणि घट १८ टक्क्यांवर पोचते. आम्ही स्वतःचंच यश कमी सांगत होतो! सीएफओ सरांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. त्यांना म्हटलं, “सर, अजून थांबा, पुढचं बघायचंय.”

पुढचं म्हणजे भागाकारातली खालची बाजू. बीआरएसआरमध्ये आता रुपयाबरोबर प्रत्यक्ष उत्पादनामागची इंटेन्सिटीही असते. आमच्याकडे ती टन फोर्जिंगमागे दिलेली होती. ईएसजीच्या रंगीत पानावर तिचा पत्ता नव्हता, पण तक्त्यात होती. मागच्या वर्षी ५१,००० टन माल आणि ६२,४०० टन उत्सर्जन, म्हणजे टनामागे १.२२४. यंदा ५०,००० टन माल, ६१,२०० टन उत्सर्जन. टनामागे पुन्हा १.२२४. रुपयामागे वर्षभरात १० टक्के घट आणि टनामागे शून्य.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही, कारण विक्रीचे आकडे माझ्याच टेबलावर असतात. विक्रीला टनांनी भागलं. बेस वर्षात किलोमागे २०० रुपये मिळत होते, मागच्या वर्षी २१६, यंदा २४०. सिन्नरचं मशीनिंग वाढलंय. जो भाग आधी आम्ही कच्चं फोर्जिंग म्हणून विकायचो तोच आता मशीन करून, तयार करून विकतो. किलोमागे भाव वाढला. मशीनिंगला वीज लागते, पण लोखंड तापवायला लागते त्यामानाने किरकोळ. किलोचा भाव २०० वरून २४० झाला की भट्टीत काहीही न बदलता रुपयामागची इंटेन्सिटी १६-१७ टक्क्यांनी आपोआप खाली येते. दुरुस्त बेसवर दिसणाऱ्या १८ टक्क्यांपैकी भट्टीची, म्हणजे खऱ्या कार्यक्षमतेची, कमाई जेमतेम दोन टक्के निघते.

रुपयामागचा आकडा खोटा नाही, हे मी नोट करताना स्वतःलाही बजावलं. सेबीने तो ठेवलाय कारण बँक, सिमेंट आणि फोर्जिंग यांना एकाच मापाने लिहायला दुसरं सोयीचं माप नाही. शिवाय जास्त किमतीचा माल बनवणं हासुद्धा धंद्याचा निर्णयच आहे. पण धातू उद्योग समजणारा ॲनालिस्ट पहिला प्रश्न टनांचाच विचारतो. आयआरच्या माणसाला तो प्रश्न कॉलवर पहिल्यांदा ऐकायला मिळू नये, एवढंच माझं काम.

एक गोष्ट मात्र जुळेना. माल दोन टक्क्यांनी घटला होता, पण विकत घेतलेली वीज ५४,००० वरून ५०,००० मेगावॉट-तासांवर आली होती. सात टक्क्यांहून जास्त. छतावरचं सोलर तेवढंच होतं, नवं काही बसलं नव्हतं. त्यात विजेचा गुणकही यंदा वाढलेला. सेंट्रल इलेक्ट्रिसिटी ऑथॉरिटी देशाच्या ग्रिडचा गुणक काढते. आमच्या मागच्या अहवालात मेगावॉट-तासामागे ०.७१६ टन वापरलाय, यंदा ०.७२७. पन्नास हजारांवर ते साडेपाचशे टन नुसत्या गुणकामुळे वाढतात. वीज एवढी कमी झाली कशाने, हे कागदावर सापडेना.

जेवणाच्या सुट्टीत युटिलिटीच्या आप्पांना गाठलं. सगळा प्लांट त्यांना आप्पाच म्हणतो. ते डबा उघडता उघडता म्हणाले, “ताई, हार्डनिंग-टेम्परिंगच्या दोन भट्ट्या जुलैपासून बंदच आहेत की. तो माल बाहेर जातो जॉबवर्कला. अंबडलाच. ट्रक बघितले नाहीत का तुम्ही?”

ट्रक रोज बघत होते. ते हीट ट्रीटमेंटचे, म्हणजे तापवून-थंड करून मालाला कडकपणा देण्याच्या कामाचे, आहेत हे मात्र माहीत नव्हतं. आप्पांच्या अंदाजाने नऊ महिन्यांत सहा हजार टन माल बाहेर गेला. त्यांच्या भट्ट्या टनाला साधारण ५०० युनिट खायच्या. म्हणजे ३,००० मेगावॉट-तास, आणि ०.७२७ ने गुणलं की जवळजवळ २,२०० टन. ते उत्सर्जन हवेतून गेलं नाही, फक्त आपल्या कंपाउंडबाहेर गेलं. आपल्या स्कोप २ मधून निघून ते जॉबवर्करच्या मीटरवर चढलं, आणि आपल्या हिशोबात ते स्कोप ३ मध्ये, म्हणजे आपल्यासाठी दुसऱ्यांकडे होणाऱ्या उत्सर्जनात, मोडतं. ते घरातच राहिलं असतं तर टनामागचा आकडा १.२२४ न राहता १.२६८ झाला असता, म्हणजे साडेतीन टक्क्यांनी वाढला असता. आप्पांनी वाढीचं कारणही सांगितलं: यंदा ऑर्डरी बारक्या लॉटमध्ये आल्या आणि डाय बदलेपर्यंत भट्टी रिकामी तापत राहते. स्कोप १ ची बेरीज बघितली तर तेल आणि गॅस खरोखरच वाढले होते.

ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलचा, म्हणजे उत्सर्जन मोजण्याच्या जागतिक नियमावलीचा, याबाबतचा नियम मी वाचून घेतला. काम बाहेर दिलं आणि त्याचं उत्सर्जन स्कोप ३ मध्ये दाखवलं, तर बेस वर्ष बदलावं लागत नाही. कुठेच दाखवलं नाही आणि फरक मोठा असेल, तर बेसमधूनही ते काढावं लागतं. आमची कंपनी स्कोप ३ चे काही भाग स्वेच्छेने देते. बीआरएसआरमध्ये ते अजून ऐच्छिक रकान्यातच आहेत. ‘विकत घेतलेला माल आणि सेवा’ हा भाग त्यात आहे आणि तो वाढलेलाही होता. पण तो बिलाच्या रुपयांवरून काढलाय, युनिटांवरून नाही. म्हणजे नियमाच्या दृष्टीने आम्ही ठीक होतो, पण ते २,२०० टन तिथे तेवढेच दिसतात असं कुणी म्हणू शकत नाही.

आता माझ्याकडे भरपूर होतं आणि नोट एका पानाची. तिथे कंपनी सेक्रेटरी मॅडमनी गाळणी लावली. त्यांचा नियम सरळ: “जे एक्स्चेंजवर नाही, ते आयआरच्या नोटमध्ये नाही.” आयआरची माणसं एकेका फंडाला वेगळं भेटतात. तिथे एकाला सांगितलं आणि दुसऱ्याला नाही, असं होऊन चालत नाही. त्यामुळे १८ टक्के गेले, कारण दुरुस्त बेस अजून कुठे जाहीर झालेला नाही आणि माझे ७०० टन हा अंदाज होता. सहा हजार टन हीट ट्रीटमेंट गेली, कारण अहवालात पुरवठादारांच्या भागात फक्त ‘काही उष्णता-प्रक्रिया बाहेरून करून घेतल्या’ एवढंच वाक्य होतं. किलोमागचा भाव राहिला, कारण विक्री आणि टन दोन्ही छापलेले आहेत. भागाकार कुणालाही करता येतो.

बेस वर्षाचं टनामागचं मी आपणहून गाळलं. छापील आकड्यांवर ते १.२० येतं आणि यंदाचं १.२२४, म्हणजे दोन टक्के वाढ दिसते. दुरुस्त बेसवर ती दोन टक्के घट होते. पुनर्गणना संपेपर्यंत यातलं एकही सांगण्यात अर्थ नव्हता.

सीएफओ सरांना एक वाक्य हवं होतं: ‘टार्गेटच्या पुढे’. आठ वर्षांत ३० टक्के, तीन वर्षं झाली, सरळ रेषेने सव्वाअकरा टक्के व्हायला हवे होते आणि १५ झाले, असा त्यांचा हिशोब. मी तो लिहिला नाही. अहवालात कुठेही दर वर्षाचा टप्पा दिलेला नाही, सरळ रेषा आपण मनाने ओढणार आणि वर आपणच पुढे असल्याचं सांगणार. शिवाय मशीनिंगचा वाटा एकदा स्थिरावला की रुपयामागची घट थांबेल, आणि ‘पुढे’ म्हटलेलं पुढच्याच वर्षी मागे घ्यावं लागेल. सर थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मग आपण वाईट दिसणार का?” आयआरच्या प्रमुख फोनवर होत्या. त्या म्हणाल्या, “मला वाईट चालेल. कॉलवर अचानक समजलेलं चालत नाही.” विषय तिथे मिटला.

उत्सर्जनाचा उतारा शेवटी असा उतरला:

“टार्गेट: स्कोप १+२ ची इंटेन्सिटी (प्रति रुपया विक्री) २०२१-२२ च्या तुलनेत २०२९-३० पर्यंत ३०% कमी. अहवालानुसार आतापर्यंत १५%. २०२३-२४ चा आकडा एलपीजी धरून सुधारला आहे (६०,००० ऐवजी ६२,४०० टन). बेस वर्षाची पुनर्गणना सुरू असल्याने १५% हा आकडा बदलू शकतो. वर्षभरात: एकूण उत्सर्जन ६२,४०० वरून ६१,२०० टन. कोटी रुपये विक्रीमागे ५६.७ वरून ५१.०. टन उत्पादनामागे बदल नाही (१.२२४). रुपयामागची घट मुख्यतः मशीन केलेल्या मालाचा वाटा वाढल्याने. काही हीट ट्रीटमेंट बाहेर गेल्याने ते उत्सर्जन स्कोप ३ मध्ये येतं, प्रमाण जाहीर केलेलं नाही.”

प्रत्येक आकड्यापुढे पान नंबर. मागच्या वर्षाचा मूळ आणि सुधारित असे दोन्ही आकडे मुद्दाम ठेवले. ज्याच्या एक्सेलमध्ये ६०,००० बसलेत तो ६२,४०० ऐकून आपणच गडबड केली समजतो. पाण्याचं टार्गेटही रुपयामागेच होतं आणि त्यातही तीच गोम निघाली. तिथे दोन ओळींत काम भागलं.

एजीएमनंतरच्या एका भेटीत फंडाच्या माणसाने टनांचा प्रश्न विचारलाच, आणि पाठोपाठ हीट ट्रीटमेंट किती बाहेर गेली तेही. पहिल्याचं उत्तर नोटमधून वाचून दाखवलं. दुसऱ्याला ‘जाहीर केलेलं नाही, सूचना पोचवतो’ एवढंच सांगितलं. ती सूचना फिरून आमच्याकडे आली. आता जॉबवर्करकडून बिलाबरोबर टन आणि युनिटही लिहून घ्यायचं ठरलंय, म्हणजे पुढच्या अहवालात स्कोप ३ चा तो भाग रुपयांऐवजी विजेवरून काढता येईल.

बेस वर्षाचं काम मात्र रखडलंय. २०२१-२२ च्या एलपीजीची बिलं काढायला घेतली तर कॅन्टीनचे सिलिंडर आणि भट्टीचा बल्क गॅस एकाच खात्यात टाकलेले निघाले. गॅसच्या टँकरच्या वजनपावत्या अंबडच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये आहेत, म्हणून स्टोअर्सचा एक मुलगा सध्या तिथे बसून महिन्यामागून महिना वेगळा करतोय.